मखमलीवरचे वळ

भात कापणीला आले की लांजा तालुक्यातल्या वाड्यावाड्यांत नमन मंडळांच्या पेट्या माळ्यावरून खाली येतात. शिमग्याला सुरू झालेले खेळ वैशाखापर्यंत पूजा, जत्रा, लग्नसराई असे करत चालतात. पहिल्या पावसाच्या धास्तीने सगळी ड्रेपरी ट्रंकेत कोंबली जाते आणि मग चार-साडेचार महिने तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. दिवाळीच्या सुमारास झाकण उघडते. आधी डांबरगोळीचा वास येतो, त्यामागून कुबट वास, आणि मग वगातल्या राजाचा अंगरखा बाहेर निघतो.

अंगरखा गर्द किरमिजी मखमलीचा, छातीवर जरीची वेलबुट्टी. तो दोरीवर टाकला की चार महिन्यांचा हिशेब समोर येतो. छातीवर आणि पाठीवर फिकट रेघांची चौकट, म्हणजे घडी. कमरेला चार बोटे रुंद चकचकीत पट्टा, कारण तिथे कमरपट्टा आवळलेला असतो. डाव्या बाहीवर कड पांढुरकी झालेला गोल डाग, म्हणजे कधीतरी पाण्याचे थेंब पडलेले. आणि दोन्ही कोपरांवर नुसते विटके चट्टे. कपडे सांभाळणाऱ्या माणसाला या सगळ्यावर दोनच उपाय सुचतात: धुवायचे, नाहीतर इस्त्री फिरवायची. नेमक्या याच दोन गोष्टींनी मखमल कायमची जाते.

वर सांगितलेल्या चार खुणा दिसायला एकाच जातीच्या वाटतात, पण प्रत्येकीचे कारण वेगळे आहे. एक सहज निघते, एक बरीचशी निघते, एक थोडीफार निघते आणि एक कधीच निघत नाही. कोणती कुठली हे ओळखायचे तर आधी मखमल विणतात कशी ते पाहावे लागते.

साध्या कापडात उभे धागे आणि आडवे धागे, बस्स. मखमलीत उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक संच कापडाचा पाया विणतो. दुसरा संच पायाच्या वर उठतो, आणि त्याची उठलेली टोके कापली की जी तयार होते ती लव. आजच्या गिरण्यांत बहुतेक मखमल जोडीने विणली जाते. दोन कापडे समोरासमोर तोंड करून एकाच वेळी मागावर चढतात, लवेचा धागा या कापडातून त्या कापडात ये-जा करतो, आणि मधोमध फिरणारे पाते तो कापत जाते. एका मागातून दोन मखमली सुट्या होतात. लवेची उंची साधारण दोन-तीन मिलिमीटर. त्याहून बरीच उंच लव असली की तिला प्लश म्हणतात, लहान मुलांच्या अस्वलांवर असते ती.

म्हणजे मखमलीचा जो भाग आपल्याला दिसतो तो कापड नाहीच. ती लाखो सुट्या तंतूंची टोके आहेत, आणि रंगाची सगळी गंमत त्या टोकांच्या उभे असण्यात आहे. लव ताठ उभी असते तेव्हा प्रकाश तंतूंच्या मधल्या फटींत शिरतो, आत इकडून तिकडे आपटत राहतो आणि बहुतेक आतच जिरतो. डोळ्यापर्यंत थोडाच परत येतो, म्हणून किरमिजी रंग काळपट आणि खोल दिसतो. लव आडवी पडली की तंतूंची गुळगुळीत कूस वर येते आणि प्रकाश सरळ परत फेकते. तोच रंग, तोच तंतू, पण आता फिकट आणि चमकणारा. घडीची पांढुरकी रेघ म्हणजे डागही नव्हे आणि रंग उडणेही नव्हे. तिथली लव बसली आहे, एवढेच.

खेळ्यांच्या अंगावर मखमल आली तीही याच गुणामुळे असावी. गॅसबत्तीच्या उजेडात साधे सुती कापड सपाट दिसते. मखमलीच्या चुण्या मात्र काळोख धरतात, उंचवटे चमकतात, आणि लांब बसलेल्या माणसालाही समोर राजा उभा असल्याचे पटते. आता हॅलोजन आणि एलईडी आले, तरी सोंगांच्या पेटीतून मखमल काही गेली नाही.

बसलेली लव आणि झिजलेली लव यांतला फरक घरच्या घरी कळतो. कापड खिडकीपाशी न्यायचे, चट्ट्याकडे नीट बघायचे, आणि मग कापड उलट्या टोकाने फिरवायचे, वरचे खाली. मघाशी फिकट दिसणारा चट्टा आता आजूबाजूपेक्षा गडद दिसला, तर लव जागेवर आहे, फक्त दिशा बदलली आहे. चट्टा चारही बाजूंनी फिकटच दिसला तर तिथे एक तर लव उरलेली नाही, नाहीतर रंग उडाला आहे. अंगरख्याच्या कोपरांना ही परीक्षा लावली की निकाल लगेच लागतो. कसेही फिरवा, ती विटकीच. कोणी कितीही फुंकर घातली तरी तिथे लव परत उगवणार नाही. कोपरांचा विषय तिथेच मिटवून टाकावा आणि तेवढ्या भागावर जरीची बाजूबंदपट्टी शिवून घ्यावी. नाटकाच्या कपड्यात ती शोभूनही दिसते.

राहिल्या तीन खुणा. पण आधीचा प्रश्न हा की वाकवलेली लव उठून का बसत नाही? बोट फिरवले की मखमलीवर रेघ उमटते आणि उलटे बोट फिरवले की पुसते. मग चार महिन्यांची घडी का पुसली जात नाही?

उत्तर धाग्यात आहे. नाटकाच्या जुन्या कपड्यांत मिळणारी मखमल बहुधा रेयॉनची, म्हणजे व्हिस्कोसची असते. तो लाकडाच्या लगद्यापासून केलेला तंतू. त्याच्या आतल्या लांबलचक साखळ्या एकमेकींना अगणित बारीक बंधांनी धरून असतात. त्या बंधांमुळेच तंतू ताठ राहतो. पण पाणी हे त्या बंधांचे वैरी. हवेतले बाष्प तंतूत शिरते, साखळ्यांच्या मध्ये घुसते आणि बंध सैल करते. त्या अवस्थेत तंतू वाकवला तर तो निमूट वाकतो. पुढे हवा कोरडी झाली की पाणी निघून जाते आणि बंध पुन्हा जुळतात, मात्र वाकलेल्या अवस्थेतच. ओले केस उशीवर दाबून झोपले की सकाळी ते भलत्याच दिशेला उभे राहतात आणि कोरड्या फणीला दाद देत नाहीत, तो प्रकार आणि हा प्रकार रसायनाच्या दृष्टीनेही जवळजवळ एकच.

रेयॉन पाणी किती पितो त्याचा अंदाज असा. माफक दमट हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेला, तो आपल्या वजनाच्या ११ ते १३ टक्के पाणी धरून असतो. रेशीम ११ टक्क्यांच्या आसपास, सूत सात-आठ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही. पत्र्याच्या ट्रंकेत, घडीत, वर दहा-बारा कपड्यांचे ओझे घेऊन पडलेल्या रेयॉनच्या मखमलीला ओल, दाब आणि वेळ हे तिन्ही भरपूर मिळतात. ऑक्टोबरची कोरडी हवा आली की तो आकार पक्का होतो. नागपूरच्या कपाटात तीच घडी उन्हाळाभर पडून राहिली तर रेघ उमटेल, पण इतकी हट्टी नसेल.

कमरपट्ट्याची खूण तर याहून बेरकी. नमन रात्री सुरू होते, गण, गवळण, संकासुर होऊन वग उभा राहीपर्यंत मध्यरात्र उलटते, आणि राजा तीन-चार तास त्या पट्ट्यात असतो. खाली घामाने भिजलेले अस्तर, अंगाची ऊब, वर पत्रा जडवलेला पट्टा. ओल, ऊब आणि दाब एकदम. शिवाय घामातले मीठ तिथेच वाळते आणि तंतूंची टोके एकमेकांना चिकटवून ठेवते. म्हणून घडीची रेघ उतरते तेव्हाही ही रेघ अडून बसते.

आता उपाय. ज्या दोन गोष्टींनी लव बसली, त्याच दोन गोष्टींनी ती उठते: बाष्प आणि ऊब. फक्त या खेपेला दाब नको. वाफ तंतूत शिरली की तेच बंध पुन्हा सुटतात, तंतू मोकळा होतो आणि स्वतःच्या मूळ दिशेकडे वळू लागतो. तेवढ्या वेळात त्याला हलक्या हाताने उभे करायचे आणि मग तसेच, हात न लावता, सुकू द्यायचे. मखमल दुरुस्त करणे म्हणजे एवढेच. बाकी सगळा सांभाळण्याचा भाग.

पहिली पायरी धागा ओळखण्याची, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. अंगरख्याच्या आतल्या शिवणीत अर्धा-पाऊण इंच कापड दुमडलेले असते. तिथल्या कडेवरून लवेचे थोडे तंतू चिमट्याने उपटायचे. शिलाईचा दोरा घेऊन फसू नये, तो निराळ्याच जातीचा असतो. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, काडी लावायची. कागद जळाल्यासारखा वास आणि हाताला लागताच विरणारी राखाडी राख, तर रेयॉन किंवा सूत. केस जळाल्याचा वास आणि चुरडता येणारा काळा मणी, तर रेशीम. तंतू आक्रसून वितळला, काळसर धूर आला आणि थंड झाल्यावर न फुटणारा कडक मणी उरला, तर पॉलिएस्टर. पायाचा धागा वेगळा असू शकतो, म्हणून त्याचीही वेगळी परीक्षा घ्यावी. ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांनी हा प्रयोग त्यांच्यासमोर करू नये. ती नंतर पडद्यांवर संशोधन करतात.

दुसरी पायरी धूळ. ही बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. धुळीवर वाफ बसली की चिखल होतो आणि तो लवेच्या बुडाशी वाळतो. अंगरखा बाहेर नेऊन उलटा करून झटकायचा. मग लवेच्या दिशेने मऊ ब्रश फिरवायचा, कपडे धुण्याचा नव्हे, बाळाच्या केसांचा. लवेची दिशा ओळखायला तळवा फिरवून बघावे. एका दिशेने हात घसरतो, उलट दिशेने अडतो. घसरतो ती लवेची दिशा. शिमग्याचा गुलाल बसला असेल तर तोही याच पायरीला, कोरडाच, झटकून काढायचा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा बांधून दुरून ओढावा. गुलालावर ओला फडका फिरवला तर त्यातला रंग विरघळून तंतूत उतरतो आणि मग तो डाग कोणाच्या बापाला निघत नाही.

तिसरी पायरी वाफ. अंगरखा जाड हँगरवर टांगायचा, खाली मोकळे सोडायचे. हातात धरायचा स्टीमर मिळतो तो उत्तम. तो सुरू केला की पहिले अर्धे मिनिट तोंड दुसरीकडे ठेवावे, कारण सुरुवातीला तो वाफेबरोबर पाण्याचे थेंब थुंकतो, आणि एक थेंब रेयॉनच्या मखमलीवर पडला की नवा डाग तयार. वाफ नेहमी उलट्या बाजूने द्यायची, वीतभर अंतरावरून, कापडाला न टेकवता. वाफ पायातून वर चढते आणि लवेला बुडातून उठवते. समोरून मारली तर ती लवेला आणखी आडवी करते. अंगरख्याला अस्तर आहे, त्यामुळे वाफ आतल्या आत अडते. अस्तराची खालची शिवण वीतभर उसवून आत हात घालावा, पुन्हा हातशिलाईने बंद करावी. दहा मिनिटांच्या या कामाचा कंटाळा करून लोक समोरून वाफ मारतात आणि मग स्टीमरला नावे ठेवतात.

एका जागी दहा-पंधरा सेकंद वाफ पुरे. लव किंचित कोमट आणि दमट लागली की ब्रश आधी लवेच्या उलट दिशेने, हलकेच, मग लवेच्या दिशेने. चिंब ओल्या लवेवर ब्रश चालवायचा नाही, कारण ओले झाल्यावर रेयॉनची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते आणि तंतू ब्रशबरोबर निघून येतात. एवढे झाले की हात मागे. दमट मखमलीवर बोट टेकवले तर बोटाचा ठसा वाळतो. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात, रात्रभर टांगून ठेवावे. एकदाच भरमसाट वाफ देण्यापेक्षा थोडी थोडी, दोन-तीन दिवसांच्या अंतराने द्यावी.

या रीतीने घडीची चौकट पहिल्या किंवा दुसऱ्या खेपेला उतरते. कमरपट्ट्याला मात्र आधी मीठ काढावे लागते, आणि इथे एक गोष्ट लॉन्ड्रीवाल्याला सांगावी लागते. ड्रायक्लीनिंगचे द्रावण तेल, मेण, मेकअप विरघळवते. मीठ आणि साखर विरघळवत नाही. घामाने कडक झालेला कपडा नुसता ‘ड्रायक्लीन’ म्हणून टाकला तर तो स्वच्छ वासाचा आणि तितकाच कडक होऊन परत येतो. घाम आहे असे आधी सांगितले तर जाणता माणूस तेवढ्या भागाला वेगळी प्रक्रिया करतो. घरी करायचे तर सुती फडका पाण्यात बुडवून कडकडीत पिळायचा आणि आतल्या बाजूने, अस्तरावर, टिपत जायचे, घासायचे नाही. फडका बदलत राहायचा. सुकले की मग वाफ. तीन खेपांनंतर पट्टा पुसट होतो, पण कडेने प्रकाश पडला की त्याची ओळख राहते. जिथे तंतू दाबून चपटे झाले, तिथे वाफेची मात्रा चालत नाही.

बाहीवरच्या गोल डागाची गोष्ट निराळी. थेंब पडला तेव्हा पाण्याने कापडातली खळ आणि धूळ वाहून कडेला नेली, आणि मध्ये लवेचे झुपके चिकटले. तेवढाच भाग पुसत बसले की वर्तुळ मोठे होत जाते. त्याऐवजी शिवणीपासून शिवणीपर्यंत अख्ख्या बाहीला आतून समान वाफ द्यावी, आणि झुपके सुईच्या टोकाने, कोरडे झाल्यावर, एकेक सोडवावेत. वर्तुळ फिके होते. पूर्ण जाईल असे कोणी छातीठोक सांगितले तर त्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.

घरात स्टीमर नसेल तर मोरीत गरम पाण्याची बादली ओतून, दार लावून, वाफाळलेल्या हवेत मखमलीचा ब्लाउज पंधरा-वीस मिनिटे टांगावा. ओला हात नको, भिंतीला टेकवू नये. नव्या, हलक्या रेघांना एवढे पुरते. उकळत्या पातेल्यावर कपडा हाताने धरण्याची जुनी रीत आहे, पण तिच्यात आधी हात भाजतो आणि मग कपडा पाण्यात पडतो.

इस्त्रीबद्दल एवढेच. गरम तळ लवेवर सपाट टेकला की ऊब आणि दाब एकदम मिळतात, म्हणजे घडीने चार महिन्यांत केलेले काम चार सेकंदांत. पॉलिएस्टरच्या मखमलीचे तर त्याहून वाईट. तो तंतू पाणी पीत नाही, म्हणून पावसाळ्याच्या ओलीने त्याची लव सहसा बसत नाही, आणि ही त्याची जमेची बाजू. पण सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे तो मऊ पडतो आणि ज्या आकारात थंड होतो तोच आकार धरतो. इस्त्रीने चकाकी आली की तंतूंची टोके वितळून एकमेकांत मिसळलेली असतात. ते कशानेच सुटत नाहीत. कपडे शिवणारे कसबी लोक शिवण दाबायची वेळ आली तर मखमलीखाली दुसरी मखमल घालतात, तोंडाला तोंड लावून, म्हणजे लवेत लव रुतते आणि चिरडत नाही. वरून इस्त्री टेकवत नाहीत, नुसती वाफ सोडतात. मोठ्या कारखान्यांत यासाठी बारीक उभ्या तारांनी भरलेला पाट असतो. तारा लवेच्या मधल्या फटीत जातात.

बाजारात काही मखमली मुद्दाम चुरगळलेल्या असतात, म्हणजे ओल्या पिळून किंवा रुळांतून दाबून काढलेल्या. त्यांवरचे वळ म्हणजे नक्षी आहे. अशा मखमलीचे कुशन वाफवून ‘सुधारले’ तर नक्षीही जाते आणि सपाटपणाही येत नाही. खरेदी करताना दुकानदाराला विचारून घेतलेले बरे.

जरी आणि टिकल्या हा अडथळा वेगळा. स्वस्त जर बहुधा धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची पट्टी असते. ती जवळच्या वाफेने आकसते आणि मखमलीला चुणी पाडते. टिकल्या शिवलेल्या असल्या तर वाफ चालते, गोंदाने चिकटवलेल्या असल्या तर गोंद सुटतो. ड्रायक्लीनिंगच्या द्रावणात काही प्लास्टिकच्या टिकल्या गुंडाळतात किंवा रंग सोडतात. म्हणून भरजरी कपडा देण्याआधी एक टिकली आतल्या बाजूच्या कोपऱ्यातून काढून लॉन्ड्रीत चाचणीला द्यावी. कॉलरला लागलेला मेकअप मात्र ताजा असतानाच कोरड्या टाल्कम पावडरने झाकावा. ती तेल शोषते. रात्रभर ठेवून सकाळी ब्रशने झटकावी. नंतर जे उरेल ते द्रावणाने निघते. पाणी लावले की तेल तिथेच राहते आणि वर्तुळ मात्र तयार होते.

परदेशी नाट्यगृहांतले ड्रेपरीवाले खेळ संपला की कपड्याच्या अस्तरावर पाणी घातलेली व्होडका फवारतात, वास मरतो म्हणून. अल्कोहोल लवकर उडून जाते आणि वासही उरत नाही. लांज्यात हा उपाय सुचवला तर मंडळाच्या बैठकीत त्याला जोरदार पाठिंबा मिळेल, पण बाटली अस्तरापर्यंत पोहोचेल याची खात्री देता येत नाही. अस्तर घामाने भिजल्यावर कपडा लगेच उलटा करून रात्रभर वाऱ्यावर टांगला तरी निम्मे काम होते. बहुतेक मंडळे पहाटे खेळ संपताच सगळे तसेच दमट गाठोड्यात बांधून टेम्पोत टाकतात. पेटीतला कुबटपणा आणि कमरेचे वळ हे त्या गाठोड्यातच जन्म घेतात.

मग पावसाळ्यात ठेवायचे कसे? हलकी मखमल टांगून, जड मखमल गुंडाळून. टांगायचे तर रुंद, कापसाने भरलेल्या खांद्यांच्या हँगरवर. घागरा किंवा परकर चिमटे लावून टांगू नये, चिमट्याच्या दातांची जागा वर्षभर दिसते. पट्टीला आतून नाडीचे फासे शिवून त्यांवर टांगावा. दोन कपड्यांत बोटभर फट राहिली पाहिजे. जरीकामाने जड झालेला अंगरखा मात्र टांगला तर त्याच्या वजनाने खांद्याची शिवण उसवते. त्याचे उत्तर गुंडाळी. जाड पुठ्ठ्याची किंवा पीव्हीसीची नळी, वर जुन्या सुती धोतराचे दोन वेढे, आणि त्यावर कपडा लव बाहेर ठेवून सैल गुंडाळायचा. लव आत ठेवली तर गुंडाळीत ती आखडते आणि दबते. हे पडद्यांना आणि दुलयांना सोपे जाते, बाह्यांच्या कपड्याला कठीण. तिथे घडी घालावीच लागते. मग प्रत्येक घडीच्या पोटात मऊ सुती कापडाची हाताइतकी जाड वळकटी भरायची, म्हणजे कड तीक्ष्ण राहत नाही आणि लव दुमडत नाही. वर्तमानपत्र मात्र घालू नये. त्याची शाई लागते आणि कागदातले आम्ल कालांतराने कापड पिवळे करते. पावसाळ्यात एक-दोनदा, उघडीप मिळेल त्या दिवशी, घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालावी. वर काहीही ठेवायचे नाही, किरीटसुद्धा नाही.

प्लास्टिकच्या पिशवीत मखमल सुरक्षित राहते असा समज कोकणात फार. पिशवी बंद करताना आत गेलेली दमट हवा बाहेर पडत नाही. रात्री तापमान उतरले की तीच पिशवीच्या आत थेंब धरते. बुरशीला सत्तर टक्क्यांच्या वरची आर्द्रता पुरते. सुती पिशवी बरी, किंवा जुन्या साडीची खोळ. ट्रंकच वापरायची तर ती जमिनीला न टेकवता पाटांवर उचलून ठेवावी आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. त्या ओल्या झाल्या की रंग बदलणाऱ्या घ्याव्यात आणि मंद ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर सुकवून पुन्हा वापराव्यात. पण दर आठवड्याला उघडणाऱ्या ट्रंकेत त्या पुड्यांचा उपयोग नाही. बाहेर जुलै असताना झाकण उघडले की आतही जुलै येतो.

डांबरगोळीचे दोन नियम. ती कापडाला टेकू द्यायची नाही, छोट्या सुती पुरचुंडीत बांधून वरच्या बाजूला ठेवायची, कारण तिची वाफ हवेहून जड असते आणि खाली उतरते. दुसरे, तिच्या वासाचे कपडे तान्ह्या बाळाजवळ नेण्याआधी दिवसभर वाऱ्यावर टाकावेत. काही मुलांमध्ये रक्तातल्या एका जन्मजात कमतरतेमुळे त्या वासाने रक्तपेशी फुटून कावीळ होते. कसर मात्र गोळीला फारशी जुमानत नाही. कपड्यांची कसर म्हणजे चंदेरी, चपळ किडा. रेशमापेक्षा तिला खळ लावलेले सूत आणि रेयॉन जास्त आवडते. ती ओलीच्या मागे येते, त्यामुळे ओल घालवली की कसर आपोआप कमी होते.

ऑक्टोबरच्या उन्हात कपडे टाकण्याची पद्धत मखमलीला लागू करू नये. कडक उन्हाने रंग उडतो, आणि उडालेला रंग वाफेने परत येत नाही. अंगणात सावली असेल तिथे, उलटी बाजू वर करून, सकाळचे दोन तास पुरेत.

नवी मखमल घ्यायची वेळ आली की तालुक्याच्या बाजारात सुरतहून आलेली पॉलिएस्टरची मखमल मिळते. कोकणची हवा ती रेयॉनपेक्षा चांगली सोसते, हाताने थंड पाण्यात धुताही येते, पिळायची मात्र नाही. घेताना कापड उलटे करावे आणि पाठीवर नखाने जोरात खरवडावे. लवेचे झुपके मोकळे होऊन हातात आले तर ते फक्त एका आडव्या धाग्याला अडकवलेले आहेत आणि दोन-तीन खेळांतच कोपरांना टक्कल पडेल. घट्ट विणीत प्रत्येक झुपका तीन आडव्या धाग्यांतून वळसा घेतो, तो नखाला दाद देत नाही. मग शिंप्याला एक सांगायचे, आणि कापण्याच्या आधी सांगायचे: अंगरख्याचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापा, लव खालून वर जाईल असे. पुढचा भाग लव वर आणि पाठ लव खाली अशी शिवली तर प्रेक्षकांना राजा वळला की त्याच्या कपड्याचा रंग बदललेला दिसतो. कापड वाचवण्यासाठी कारागीर हेच करतात, कारण उलटसुलट मांडले की अंगरख्यामागे पाव-अर्धा मीटर वाचतो.